जखमीचा प्रवास : मुंबई महानगरातील रुग्णवाहिका सेवा, आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक आणि ट्रॉमा केंद्रांपर्यंतचे मार्ग – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

महानगरातील अपघाताचा इतिहास लिहिताना सामान्यतः अपघातस्थळ आणि रुग्णालय या दोनच ठिकाणांचा विचार होतो. या दोन ठिकाणांच्या दरम्यान जखमी व्यक्तीने केलेला प्रवास मात्र अभ्यासकांच्या नजरेतून बहुधा निसटतो. वास्तविक पाहता जखमीचे जगणे-मरणे अनेकदा याच प्रवासात ठरते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील शल्यविशारद आर. ॲडम्स काउली यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सुवर्ण तास’ ही संकल्पना रूढ केली. साठ मिनिटांची ही मर्यादा घड्याळाप्रमाणे काटेकोर नाही, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. तथापि पोटात किंवा छातीत होणारा रक्तस्राव शस्त्रक्रियेशिवाय थांबत नाही, आणि बेशुद्ध माणसाचा श्वासमार्ग बंद झाल्यास काही मिनिटांतच मेंदूची हानी होते, या वैद्यकीय वस्तुस्थितीत फरक पडलेला नाही.

प्रस्तुत निबंधात मुंबई शहराच्या संदर्भात या प्रवासाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मुंबईत आपत्कालीन क्रमांकांची संख्या वाढत गेली, रुग्णवाहिका वाढल्या आणि उड्डाणपूलही वाढले. तरीही जखमीचा प्रवास त्या प्रमाणात लहान का झाला नाही, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्याचे उत्तर रस्त्यांच्या लांबीपेक्षा जखमीच्या ‘हस्तांतरणात’ शोधावे लागते, असे या विवेचनाचे प्रतिपादन आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी : दक्षिणेतील रुग्णालये, उत्तरेकडील वस्ती

मुंबईची भूमी दक्षिणोत्तर लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद आहे. शहराची प्रमुख शासकीय व महापालिका रुग्णालये ज्या काळात उभी राहिली, त्या काळी लोकवस्ती दक्षिण भागात एकवटलेली होती. जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये भायखळ्याजवळ सुरू झाले. परळ येथील के. ई. एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय गिरणगावाच्या मध्यभागी १९२६ मध्ये उभे राहिले. मुंबई सेंट्रलजवळील नायर रुग्णालय त्याच दशकातील, तर शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालय १९४७ मधील आहे. महापालिकेची हद्द १९५० व १९५७ मध्ये उत्तरेकडे दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली आणि पुढील अर्धशतकात लोकसंख्येचे केंद्र उपनगरांकडे सरकले. मेंदूची शस्त्रक्रिया, रक्तपेढी आणि चोवीस तास भूलतज्ज्ञ या तिन्ही गोष्टी एका छताखाली देणारी सार्वजनिक रुग्णालये मात्र मुख्यतः जुन्या ठिकाणीच राहिली.

या विषमतेमुळे शीव रुग्णालयाला वेगळे महत्त्व प्राप्त झाले. पूर्व द्रुतगती महामार्ग जेथे शहरात उतरतो, मध्य रेल्वेचा मार्ग जेथून जातो आणि धारावीची दाट वस्ती जेथे सुरू होते, त्या संगमावर हे रुग्णालय उभे आहे. देशातील आरंभीच्या स्वतंत्र ट्रॉमा सेवांपैकी एक सेवा येथेच विकसित झाली, याचे कारण या स्थानात आहे. येथे आणखी एक स्थानिक बाब लक्षात घ्यावी लागते. मुंबईत ऑटोरिक्षांना केवळ उपनगरांत परवानगी असून त्यांची हद्द पश्चिमेस माहीमच्या खाडीपाशी, तर पूर्वेस शीवपाशी संपते. त्यामुळे उपनगरात जखमी झालेल्या माणसाला रिक्षाने नेता येईल असे शेवटचे मोठे रुग्णालय म्हणजे शीव. त्यापुढील परळ किंवा भायखळा गाठायचे तर टॅक्सी, खाजगी मोटार किंवा रुग्णवाहिका हवी. वाहतूक परवान्याच्या एका नियमाने जखमींचा ओघ कोठे वळेल हे अशा प्रकारे निश्चित केले.

रुग्णवाहिकेआधीचे वाहक : हमाल, पोलीस आणि टॅक्सीचालक

विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत मुंबईत रुग्णवाहिका नव्हत्या असे नाही. महापालिका, अग्निशमन दल, रुग्णालये, धर्मादाय संस्था आणि राजकीय कार्यकर्त्यांची मंडळे यांच्याकडे अशी वाहने होती. तथापि त्यांचा उपयोग प्रामुख्याने रुग्णाला घरून रुग्णालयात किंवा एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात नेण्यासाठी होत असे. वाहनात चालक आणि एक स्ट्रेचर असे. प्राणवायूची नळकांडी व ती वापरू जाणणारा माणूस असेलच असे नव्हते. प्रत्येक संस्थेचा दूरध्वनी क्रमांकही वेगळा होता. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी जखमीसाठी यांपैकी कोणता क्रमांक फिरवावा, हे जवळ उभ्या असलेल्या माणसाला ठाऊक असण्याची शक्यता कमीच होती. परिणामी रस्त्यावरील जखमीची खरी रुग्णवाहिका म्हणजे काळी-पिवळी टॅक्सी, रिक्षा किंवा पोलिसांची गाडी ही होती.

लोहमार्गावरील जखमींची व्यवस्था निराळी होती. उपनगरी रेल्वेवर रूळ ओलांडताना, गाडीतून पडून किंवा खांबाचा धक्का लागून मृत्यू पावणाऱ्यांची संख्या २००० नंतरच्या दशकात दरवर्षी साडेतीन हजारांच्या आसपास होती. अशी घटना घडली की मोटरमन किंवा गार्ड लगतच्या स्थानकाला कळवीत असे. स्थानकप्रमुख ‘मेमो’ लिहून लोहमार्ग पोलिसांना देत असे. त्यानंतर हमाल स्ट्रेचर घेऊन रुळांवरून चालत जात, जखमीला फलाटावर आणीत आणि पादचारी पुलाचे जिने चढून-उतरून त्याला रस्त्यापर्यंत पोहोचवीत. तेथून पुढे मिळेल त्या वाहनाने जवळच्या सार्वजनिक रुग्णालयाकडे प्रवास सुरू होई. या क्रमात जखमी किमान चार हातांतून जात असे आणि प्रत्येक हातापाशी एक कागद तयार होत असे. हमालाचे मुख्य काम सामान वाहण्याचे होते. रक्तस्राव दाबून धरणे किंवा मान स्थिर ठेवणे याचे प्रशिक्षण त्याला कोणी दिलेले नव्हते. या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या. न्यायालयाच्या निर्देशांनंतर स्थानकांबाहेर रुग्णवाहिका उभ्या करणे आणि निवडक स्थानकांवर तातडीचे वैद्यकीय कक्ष उघडणे ही पावले टप्प्याटप्प्याने उचलली गेली. २०२३ पर्यंत मृत्यूंची वार्षिक संख्या अडीच हजारांच्या घरात आली. ही घट केवळ वैद्यकीय सेवेमुळे झाली असे म्हणता येत नाही, कारण याच काळात रुळांलगत भिंती व नवे पादचारी पूलही बांधले गेले.

टॅक्सीचालक व वाटसरू यांना रोखणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कायद्याची भीती. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्याला पोलीस ठाण्यात बसावे लागते, साक्षीसाठी वर्षानुवर्षे न्यायालयात जावे लागते आणि प्रसंगी त्यालाच आरोपी समजले जाते, ही समजूत निराधार नव्हती. रुग्णालयेही ‘पोलीस केस’ म्हणून जखमीला अन्यत्र पाठवीत. सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या पंडित परमानंद कटारा खटल्याचे मूळ अशाच एका घटनेत होते. मोटारीची धडक बसलेल्या स्कूटरचालकाला जवळच्या रुग्णालयाने दाखल करून घेतले नाही. अशी प्रकरणे हाताळण्याचा अधिकार असलेले रुग्णालय वीस किलोमीटर दूर होते आणि तेथे नेत असतानाच त्याचा मृत्यू झाला, असे वृत्त प्रसिद्ध झाले होते. २८ ऑगस्ट १९८९ रोजी दिलेल्या निर्णयात न्यायालयाने प्राण वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे प्रथम कर्तव्य असून कायदेशीर सोपस्कार त्यानंतरचे आहेत, असे ठरविले. जखमीला आणणाऱ्या नागरिकाला संरक्षण मिळण्यास मात्र आणखी पाव शतक लागले. केंद्र शासनाने मे २०१५ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी त्यांना बंधनकारक स्वरूप दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. आणणाऱ्याने स्वतःचे नाव सांगण्याची किंवा थांबून राहण्याची सक्ती आता करता येत नाही.

११ जुलै २००६ : एका संध्याकाळचा अभ्यास

या अनौपचारिक व्यवस्थेची ताकद आणि तिच्या मर्यादा दोन्ही ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी प्रकर्षाने दिसून आल्या. सायंकाळी ६ वाजून २४ मिनिटे ते ६ वाजून ३५ मिनिटे या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या गाड्यांच्या प्रथम श्रेणीच्या डब्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड-माहीम परिसर, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड-भाईंदर दरम्यान झालेल्या या स्फोटांत १८० हून अधिक व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि आठशेच्या आसपास जखमी झाल्या.

वाहतुकीच्या दृष्टीने हा प्रसंग सर्वांत प्रतिकूल होता. वेळ घरी परतण्याच्या गर्दीची होती. पश्चिम रेल्वेची वाहतूक थांबल्यामुळे लाखो प्रवासी रस्त्यावर उतरले आणि रस्त्यांची कोंडी झाली. भ्रमणध्वनी यंत्रणेवर असह्य भार पडून संपर्क खंडित झाला. अशा स्थितीत क्रमांक फिरवून वाहन बोलावण्याची कोणतीही पद्धत चालणे कठीणच होते. रुळांलगतच्या वस्त्यांतील रहिवासी आणि सहप्रवासी यांनी डब्यांत शिरून जखमींना बाहेर काढले. स्ट्रेचर नव्हते म्हणून घरातील चादरी आणल्या आणि टॅक्सी, रिक्षा, टेम्पो, खाजगी मोटार, जे मिळेल त्या वाहनाने जखमींना हलविले. माहीम-माटुंग्याचे जखमी शीव, के. ई. एम. व जवळच्या खाजगी रुग्णालयांत गेले, वांद्रे-खारचे जखमी भाभा व व्ही. एन. देसाई रुग्णालयांत, जोगेश्वरीचे कूपर रुग्णालयात आणि बोरिवलीचे भगवती रुग्णालयात पोहोचले.

स्फोट सात ठिकाणी विखुरलेले होते, हे एका अर्थाने व्यवस्थेच्या पथ्यावर पडले, कारण जखमींचा भार एकाच रुग्णालयावर आला नाही. मात्र नागरिकांनी केलेल्या या वाहतुकीत निवड नव्हती. ज्याला कानाचा पडदा फाटण्यापलीकडे इजा नव्हती तो आणि ज्याच्या मांडीतून रक्त वाहत होते तो, दोघेही एकाच रुग्णालयाच्या दारात एकाच वेळी पोहोचत होते. चालत येऊ शकणारे जखमी साहजिकच लवकर पोहोचतात आणि अपघात विभागातील खाटा प्रथम त्यांच्याकडून भरल्या जातात. सामूहिक दुर्घटनेत सर्वत्र आढळणारा हा अनुभव आहे. उपनगरी रुग्णालयांत प्रथम पोहोचलेल्या गंभीर जखमींपैकी काहींना नंतर मोठ्या रुग्णालयांत हलवावे लागले. म्हणजे पहिला प्रवास काही मिनिटांत झाला तरी दुसऱ्या प्रवासाची वेळ त्यात मिळवावी लागते.

म्हणून या संध्याकाळचा निष्कर्ष दुहेरी आहे. नागरिकांनी जखमींना उचलून नेले ते योग्यच होते, कारण रुग्णवाहिकेची वाट पाहणे म्हणजे रक्तस्रावाला वेळ देणे होते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात गोळी लागलेल्या वा भोसकलेल्या जखमींना पोलीस स्वतःच्या मोटारीतून नेतात आणि त्यांचे जगण्याचे प्रमाण रुग्णवाहिकेतून आलेल्यांपेक्षा कमी नसते, असे तेथील अभ्यासांत दिसून आले आहे. परंतु तेथील पोलिसांना जखमीला कोठे न्यायचे हे ठाऊक असते. मुंबईतील टॅक्सीचालकाला ते सांगणारा कोणी नव्हता. उणीव ‘कोठे’ या प्रश्नाच्या उत्तराची अधिक होती.

क्रमांकांचा इतिहास : १०२ पासून ११२ पर्यंत

पोलिसांसाठी १००, अग्निशमनासाठी १०१ आणि रुग्णवाहिकेसाठी १०२ हे तीन क्रमांक देशात दीर्घकाळ रूढ होते. यांपैकी पहिल्या दोन क्रमांकांमागे एकेक शिस्तबद्ध दल उभे होते. १०२ च्या मागे मात्र तशी एकसंध संघटना नव्हती. क्रमांक होता, पण त्याला उत्तरदायी असा नियंत्रण कक्ष व ताफा नव्हता, ही या काळातील मूलभूत त्रुटी होय.

ही पोकळी भरण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न मुंबईत ‘१२९८’ या क्रमांकाने केला. काही तरुण व्यावसायिकांनी लंडनच्या रुग्णवाहिका सेवेचे साहाय्य घेऊन २००५ मध्ये दहा वाहनांनिशी ही सेवा सुरू केली. तिची शुल्करचना विशेष होती. रुग्ण कोणत्या रुग्णालयात जातो यावर शुल्क ठरे. खाजगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण, सार्वजनिक रुग्णालयात जाणाऱ्याकडून सवलतीचे शुल्क घेतले जाई आणि अपघातातील निराधार जखमीला मोफत नेले जाई. उत्पन्नाचा दाखला मागण्याची गरज नसलेली ही साधी कसोटी होती. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात या सेवेच्या वाहनांनी जखमींना हलविण्यात भाग घेतला. तथापि शुल्कावर चालणाऱ्या सेवेला शहराच्या प्रत्येक भागात मोकळी वाहने उभी ठेवणे परवडत नाही. अपघाती जखमीपेक्षा रुग्णालयांतर्गत स्थलांतरातूनच अशा सेवेचे उत्पन्न येते, ही तिची आर्थिक मर्यादा होती.

दरम्यान हैदराबाद येथे १५ ऑगस्ट २००५ रोजी १०८ क्रमांकाची मोफत सेवा सुरू झाली आणि शासकीय खर्च व खाजगी व्यवस्थापन हे प्रारूप अनेक राज्यांनी स्वीकारले. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ च्या आरंभी सुरू झाली. राज्यासाठी ९३७ रुग्णवाहिका घेण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षण सुविधांच्या आणि ७०४ मूलभूत सुविधांच्या होत्या. वाहनात डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य ठरले. तिचा नियंत्रण कक्ष पुण्यातील औंध येथे होता. मुंबईतून केलेला दूरध्वनी पुण्यात उचलला जात असे, ही बाब तांत्रिकदृष्ट्या अडचणीची नाही. अडचण पत्त्याची आहे. ‘नाक्यावर’, ‘पुलाखाली’, ‘जुन्या गिरणीसमोर’ असे पत्ते मुंबईकर सांगतात. एकाच नावाचे नाके अनेक उपनगरांत आहेत. महामार्गावर तर कॉल करणाऱ्याने ‘उत्तरेकडे जाणारी मार्गिका की दक्षिणेकडे जाणारी’ हे सांगितले नाही, तर रुग्णवाहिका दुभाजकाच्या दुसऱ्या बाजूला पोहोचते आणि पुढील वळणापर्यंत जाऊन परत येण्यात अमूल्य मिनिटे जातात.

कोंडीवर उपाय म्हणून ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत दहा दुचाकी रुग्णवाहिका दाखल झाल्या. दुचाकीवरील डॉक्टर गर्दीतून लवकर पोहोचतो, श्वासमार्ग मोकळा करतो, रक्तस्राव दाबतो. परंतु तो जखमीला नेऊ शकत नाही. म्हणजे ‘वैद्यकीय हात’ लवकर पोहोचला तरी शस्त्रक्रियागृह जवळ येत नाही.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक असावा अशी शिफारस केली आणि महाराष्ट्रात हा क्रमांक २०२१ मध्ये पोलीस यंत्रणेमार्फत कार्यान्वित झाला. रेल्वेनेही आपले विविध मदतक्रमांक याच सुमारास १३९ मध्ये विलीन केले. तरीही १०८ स्वतंत्रपणे चालू राहिला. ११२ वर सांगितलेली रुग्णवाहिकेची मागणी अखेर रुग्णवाहिकेच्या यंत्रणेकडेच पाठवावी लागते. याचा अर्थ दूरध्वनीचेही हस्तांतरण होते. वैद्यकीय मदतच हवी असेल तर थेट १०८ आणि पोलीस वा अग्निशमन दलही हवे असेल तर ११२, असा व्यवहार्य विवेक यातून निघतो.

मार्ग आणि पूल : अंतराचा आभास

एकविसाव्या शतकात मुंबईत अनेक वेगवान मार्ग झाले. वांद्रे-वरळी सागरी सेतू २००९ मध्ये, पूर्व मुक्त मार्ग २०१३ मध्ये, सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता २०१४ मध्ये खुला झाला. जोगेश्वरी येथे पश्चिम द्रुतगती महामार्गालगत महापालिकेचे ट्रॉमा रुग्णालय २०१३ मध्ये सुरू झाल्याने पश्चिम उपनगरांतील जखमीला शीवपर्यंत नेण्याची गरज काही अंशी कमी झाली. या सर्व मार्गांची दिशा प्रामुख्याने लांब पल्ल्याची आहे. जखमीच्या प्रवासात मात्र निर्णायक ठरते ते रेल्वेमार्ग ओलांडणे. शहर दोन रेल्वेमार्गांनी उभे चिरले गेले असून रुग्णालय रुळांच्या एका बाजूस आणि अपघात दुसऱ्या बाजूस असल्यास सारे काही एका जुन्या पुलावर अवलंबून राहते.

अलीकडील काही घटना याची साक्ष देतात. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि संपूर्ण पूल मे २०२५ मध्ये खुला झाला. या काळात अंधेरी पूर्वेकडील जखमीला पश्चिमेकडील कूपर रुग्णालय नकाशावर जवळ, पण रस्त्याने दूर होते. शीव स्थानकालगतचा १९१२ मधील उड्डाणपूल ऑगस्ट २०२४ मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद करण्यात आला. या पुलाच्या पूर्वेस शीव रुग्णालय आणि पश्चिमेस धारावी आहे. ज्या वस्तीच्या सान्निध्यामुळे या रुग्णालयाची ट्रॉमा सेवा वाढली, त्याच वस्तीतील वाहनाला वळसा घालणे भाग पडले. परळचा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला आणि प्रभादेवीहून के. ई. एम. रुग्णालयाकडे येणाऱ्या वाहनांना दादरचा टिळक पूल किंवा करी रोड-लोअर परळकडील पूल गाठावे लागले. पूल बंद करताना पर्यायी मार्गांची अधिसूचना निघते. ती सर्व वाहनांसाठी एकच असते, म्हणून पर्यायी पूलही कोंडतात आणि रुग्णवाहिका त्याच रांगेत उभी राहते.

एक उदाहरण : विक्रोळी ते शीव

वरील सर्व घटक एकत्र आले की काय होते, हे समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. यातील वेळा केवळ तुलनेसाठी धरलेल्या आहेत. सायंकाळी पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीपाशी दुचाकीस्वार पडला असून तो बेशुद्ध आहे आणि त्याच्या डोक्याला मार लागला आहे, असे समजू.

पहिल्या पर्यायात वाटसरू त्याला रिक्षाने दहा मिनिटांत जवळच्या लहान शुश्रूषागृहात नेतात. तेथे नोंदणी, सलाइन आणि क्ष-किरण तपासणीत चाळीस मिनिटे जातात. मेंदूच्या सीटी स्कॅनची व शस्त्रक्रियेची सोय नसल्याचे सांगितले जाते. दुसरी रुग्णवाहिका येण्यास पंचवीस आणि शीवला पोहोचण्यास तीस मिनिटे लागतात. एकूण वेळ एक तास पंचेचाळीस मिनिटे. दुसऱ्या पर्यायात १०८ ची रुग्णवाहिका वीस मिनिटांत येते, दहा मिनिटांत मानेला पट्टा व तोंडाला प्राणवायू लावून निघते आणि पस्तीस मिनिटांत शीव गाठते. एकूण पासष्ट मिनिटे. तिसऱ्या पर्यायात रुग्णवाहिका येण्यास विलंब होईल असे कळल्यावर वाटसरू त्याला एका टेम्पोत आडवे, मान न वाकवता ठेवून थेट शीवला नेतात. पन्नास मिनिटांत ते पोहोचतात, परंतु वाटेत श्वासमार्ग बंद झाला तर तो उघडणारा कोणी नाही.

पहिला पर्याय पहिल्या दहा मिनिटांत सर्वांत जलद वाटतो आणि अखेरीस सर्वांत संथ ठरतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायांतील निवड इजेच्या स्वरूपावर अवलंबून आहे. पोटात भोसकलेल्या माणसासाठी पंधरा मिनिटे वाचविणे मोलाचे असते. घरघरत श्वास घेणाऱ्या बेशुद्ध माणसासाठी प्रशिक्षित हात अधिक मोलाचा असतो, कारण मागच्या आसनावर मुडपून बसविल्यास हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडतो. जखमीचा श्वास थांबत असेल वा रक्त उसळत असेल आणि वाहन लांब असेल, तर मधल्या रुग्णालयात श्वासमार्ग व रक्तस्राव यांपुरता उपचार घेणे समर्थनीय आहे. या मार्गावर घाटकोपरचे राजावाडी रुग्णालय त्या उपयोगाचे आहे. परंतु तेथून पुढे पाठविण्याचा निर्णय त्वरित व्हावा आणि पुढील रुग्णालयाला दूरध्वनीने पूर्वसूचना जावी, ही त्याची अट होय.

मापनाची समस्या

रुग्णवाहिका सेवेचे यश सामान्यतः ‘घटनास्थळी पोहोचण्याच्या वेळे’वरून मोजले जाते. करारांमध्येही हाच निकष असतो, कारण वाहनावरील यंत्र तो आपोआप नोंदविते. इजा झाल्यापासून शस्त्रक्रिया सुरू होईपर्यंतचा काळ मात्र कोणत्याही एका संस्थेच्या नोंदवहीत पूर्णपणे नसतो. दूरध्वनीची वेळ नियंत्रण कक्षाकडे, मेमोची वेळ रेल्वेकडे, पहिल्या रुग्णालयातील वेळ तेथील केसपेपरवर आणि दाखल होण्याची वेळ मोठ्या रुग्णालयात असते. २०१३ ते २०१५ या काळात मुंबईतील शीव व के. ई. एम. यांसह दिल्ली व कोलकाता येथील रुग्णालयांत सुमारे १६ हजार जखमींच्या नोंदी एका संशोधन प्रकल्पाने एकत्र केल्या. थेट आलेले जखमी आणि दुसऱ्या रुग्णालयातून पाठविलेले जखमी यांची वेगळी नोंद त्यात ठेवली गेली, ही त्यातील महत्त्वाची गोष्ट आहे. केसपेपरवर ‘थेट की पाठविलेला’ आणि ‘इजेची वेळ’ हे दोन रकाने भरले गेले, तरच प्रवासात वेळ कोठे गेला हे सांगता येते.

निष्कर्ष

मुंबईतील जखमीच्या प्रवासाचा इतिहास पाहता तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, औपचारिक रुग्णवाहिका सेवेच्या आधी आणि तिच्या बरोबरीनेही हमाल, पोलीस, टॅक्सीचालक व वाटसरू हेच जखमींचे प्रमुख वाहक राहिले आहेत. त्यांना कायदेशीर संरक्षण २०१६ नंतर मिळाले, पण जखमीला कोठे न्यावे याची माहिती त्यांच्यापर्यंत पद्धतशीरपणे पोहोचलेली नाही. दुसरी, आपत्कालीन क्रमांकांच्या वाढीने मदत मागण्याची वाट सुकर झाली, तरी क्रमांकामागील यंत्रणा एक झाली नाही. तिसरी, शहरातील जलद मार्ग म्हणजे सर्वांत लहान रस्ता नव्हे. ज्या मार्गावर जखमी कमीत कमी वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तोच सर्वांत जलद ठरतो. पूल पाडताना, रुग्णालयांची श्रेणी ठरविताना आणि रुग्णवाहिकेचे करार करताना हा हस्तांतरणांचा हिशेब मांडला गेला, तर त्याच रस्त्यांवर व त्याच कोंडीतही जखमीचा प्रवास लहान होऊ शकतो.